टेलरिंगच्या दुकानाला सोशल मीडियाचं काम मागणारा मेल: दुकान बघण्यापासून "हो" येईपर्यंत

आमचं लातूरला टेलरिंगचं दुकान आहे. बाबा कटिंग करतात, आई ब्लाउजचं सगळं बघते, दोन कारागीर आहेत, आणि दुकानाचा मेल रात्री मी उघडतो. मागच्या दोनेक वर्षांपासून कॉलेजच्या पोरापोरींचे मेल यायलेत की तुमच्या दुकानाचं इन्स्टाग्राम-फेसबुक आम्ही सांभाळतो म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक मेल मी आईबाबांपर्यंत नेतच नाही. पोरं काम करू शकतात, फोटो आमच्यापेक्षा कितीतरी चांगले काढतात, पण मेल चुकतो आणि सगळ्यांचा एकाच जागी चुकतो. मेल आधी लिहितात, दुकान नंतर बघतात, किंवा बघतच नाहीत.

गेल्या आषाढात एका पोरीचा मेल आला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची, ओळख ना पाळख. तो मी आईला वाचून दाखवला आणि आईनं तिला लगेच बोलवायला सांगितलं. नंतर तिला विचारून घेतलं की तू कशानंतर काय केलंस, त्याच क्रमानं खाली लिहितोय. उदाहरण लेडीज टेलरचं आहे, जेंट्स टेलर असेल तर ब्लाउजच्या जागी सफारी आणि कुर्ता समजा, क्रम तोच राहतो.

## १. आधी वेळ बघा

मेलमध्ये "तुमचे कस्टमर वाढवून देतो" हे वाक्य हमखास असतं, आणि ते दिवाळीच्या तोंडावर आलं तर आमच्या घरात कोणी ऐकूनसुद्धा घेत नाही, कारण तेव्हा आम्हीच "आता दिवाळीनंतरच मिळेल" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवत असतो. सणासुदीला टेलरला गिऱ्हाईकाची कमी नसते, हातांची कमी असते. दोन कारागीर दिवसाला जेवढं शिवतात तेवढंच शिवतात, इन्स्टाग्रामवर कितीही लाइक आले तरी मशीन दुप्पट पळत नाही.

म्हणून दुकानाचं वर्ष समजून घ्या. आपल्याकडं जूनच्या मध्यात शाळा उघडतात, त्याच्या आगंमागं गणवेशाची धांदल असते. मग आषाढात काम एकदम पडतं, लग्नं नसतात आणि खेड्यापाड्यातल्या लोकांचा पैसा पेरणीत आणि खतात गेलेला असतो. श्रावणापासून महालक्ष्म्यांचे ब्लाउज चालू होतात, पितृपंधरवड्यात परत थोडी उसंत, आणि नवरात्रापासून जे धरतं ते दिवाळी, तुळशीचं लग्न, मग लग्नसराई असं थेट उन्हाळ्यापर्यंत चालतं. मेल पाठवायची सगळ्यात चांगली वेळ आषाढ, म्हणजे साधारण जुलै. दुकानदाराला तुमचं बोलणं ऐकायला वेळ असतो आणि सणाच्या आधी तुम्हाला हात बसवायला दोन महिने मिळतात.

⚠ नवरात्रापासून दिवाळीपर्यंत नवीन दुकानाला मेल टाकूच नका. तेव्हा आलेला "नाही" दिवाळीनंतर बदलत नाही, लक्षात राहतो.

## २. मेल कोण वाचणार ते शोधा

सगळ्याच टेलरकडं मेल आयडी नसतो. ज्यांच्याकडं असतो ते बहुतेक करून शाळेच्या, दवाखान्याच्या, नाहीतर बँकेच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरी घेणारे असतात, कारण कोटेशन आणि बिल मेलवर मागितलं जातं. गुगल मॅपवर दुकानाचा फोन सापडतो, मेल सहसा सापडत नाही. आयडी शोधायच्या जागा तीन: बिलबुकाचा वरचा भाग, व्हिजिटिंग कार्ड, आणि फेसबुक पेज किंवा इन्स्टाग्रामवरची संपर्काची माहिती. कुठंच नसला तर दुकानात सरळ विचारा, "काका, एक माहिती लिहून पाठवायचीय, मेल आयडी आहे का?" मेल नसेलच तर हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, काही बिघडत नाही.

आता खरी गोष्ट. आयडी दुकानाच्या नावाचा असला तरी तो उघडणारं माणूस बहुतेक वेळा घरातलं तरुण पोरगं असतं, मुलगा, सून, पुतण्या. ते पोरगं मेल वाचतं आणि मशीनवर बसलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवतं. म्हणजे तुमचा मेल डोळ्यांनी वाचला जात नाही, कानांनी ऐकला जातो, तेही शिवता शिवता. मेल मराठीत का लिहायचा, छोटी वाक्यं का करायची, चार्ट आणि रंगीत बॉक्स का टाकायचे नाहीत, या सगळ्याचं उत्तर एवढंच आहे. इंग्रजी मेल आला की मला तो आधी मनात मराठी करावा लागतो, आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री साडेनऊला ते मी करत नाही.

## ३. दुकानात जाऊन अर्धा तास बसा

ही पायरी नव्वद टक्के पोरं गाळतात असं म्हणणार नाही, कारण मी मोजलेलं नाही, पण आमच्याकडं आलेल्या मेलांपैकी दुकान बघून लिहिलेला मेल मला एकच आठवतो.

ती पोरगी एक हिरवी साडी आणि अस्तराचं कापड घेऊन ब्लाउज टाकायला आली होती. खोटंखोटं गिऱ्हाईक बनून नाही, तिला ब्लाउज खरंच पाहिजे होता. माप द्यायला नंबर लागला म्हणून बाकावर बसली. बसल्या बसल्या तिनं जे बघितलं ते असं:

काउंटरवर काय चाललंय. ती बसली होती त्या वीसेक मिनिटांत आईला तीन फोन आले, तिन्ही "माझा ब्लाउज झाला का" विचारणारे. दर वेळी आईनं कात्री ठेवली, मापाची वही उघडली, बिल नंबर शोधला, मागच्या रॅकवर पिशवी आहे का बघितलं, "उद्या या" सांगितलं आणि परत खडूची रेघ कुठं होती ते शोधत बसली. हे आमच्या इतक्या अंगवळणी पडलंय की आम्हाला ती अडचण वाटतच नव्हती.

दुकान काय चांगलं शिवतं. प्रत्येक टेलरचा हात कशावर तरी बसलेला असतो. आमच्याकडं मागच्या गळ्याची पाइपिंग आणि पैठणीचे काठ बाहीवर बरोबर जुळवून घेणं यासाठी लांबून बायका येतात. तिनं हँगरवर लटकलेले ब्लाउज बघून हे ओळखलं.

गिऱ्हाईक आत येऊन पहिलं काय विचारतं. शिलाई किती, कधी मिळेल, फॉल-पिको इथंच होतं का. हेच प्रश्न लोक इन्स्टाग्रामवर कमेंटमध्ये विचारतात आणि तिथं उत्तर द्यायला कोणी नसतं.

घरी गेल्यावर तिनं गुगल मॅप बघितला. आमचं दुकान तिथं सात वाजता बंद होतंय असं दिसत होतं, प्रत्यक्षात आम्ही नऊपर्यंत असतो. इन्स्टाग्रामवरची शेवटची पोस्ट मागच्या संक्रांतीची होती, ती मीच टाकलेली.

✔ तपासा: दुकानाबद्दल अशी एक गोष्ट तुम्हाला सांगता येते का, जी तिथं बसल्याशिवाय कळलीच नसती? येत नसेल तर परत जा. मेल अजून लिहायचा नाही.

⚠ दुकानात न विचारता फोटो किंवा व्हिडिओ काढू नका. लेडीज टेलरकडं बायका माप देत असतात, तिथं कोणी मोबाईल वर धरला की सगळ्यांची नजर त्याच्यावरच जाते, आणि तुमचा मेल यायच्या आधीच तुमच्याबद्दल मत तयार होतं.

## ४. सापडलेल्यातली एकच अडचण निवडा

तिच्याकडं आता चार गोष्टी होत्या: फोन, गुगलवरची चुकीची वेळ, बंद पडलेलं इन्स्टाग्राम, अनुत्तरित कमेंट. चारही मेलमध्ये लिहिल्या असत्या तर तो मेल म्हणजे आमच्या चुकांची यादी झाला असता. ज्या माणसानं वीस वर्षं दुकान चालवलंय त्याला अनोळखी पोरानं चार चुका दाखवल्या की तो पहिलं म्हणतो, "हा कोण?"

निवडताना असं बघा की दुकानदाराला त्या अडचणीचा आज, अंगाला त्रास होतोय का. बंद पडलेल्या इन्स्टाग्रामचा आम्हाला काही त्रास नव्हता. फोनचा होता. तिनं फोन निवडले आणि त्यावर सोशल मीडियातलाच उपाय सुचवला: रोज संध्याकाळी तयार झालेल्या बिलांचे नंबर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला आणि इन्स्टाग्राम स्टोरीला टाकायचे. फक्त नंबर, नाव नाही, म्हणजे कोणी काय शिवायला टाकलंय ते गावाला कळत नाही. बाई घरबसल्या बघते, नंबर दिसला की येते, नाही दिसला तर फोन करत नाही.

इथं एक मर्यादा आहे आणि ती तुम्हाला आधी माहीत पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस दिसायला दोन्हीकडं नंबर सेव्ह असावा लागतो, दुकानाच्या फोनमध्ये गिऱ्हाईकाचा आणि गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये दुकानाचा, आणि ते २४ तासांनी जातं. म्हणजे नुसतं स्टेटस टाकून भागत नाही, बिल देतानाच "आमचा नंबर सेव्ह करून घ्या" सांगावं लागतं. आम्ही बिलावर तसा शिक्काच मारायला लागलो. उपाय सुचवायचा तर तो कुठं अडकतो तेही शोधून ठेवा, कारण दुकानदार पहिलं तेच विचारणार.

## ५. नमुना करा, पण स्वतःच्या कापडावर

"आम्ही दर्जेदार कंटेंट बनवतो" हे ऐकून आईला काही कळत नाही, फोटो दाखवला की एका सेकंदात कळतं. फक्त फोटो कशाचा, हा प्रश्न आहे. दुकानाच्या पेजवरचे फोटो उचलून त्यावर डिझाइन करून पाठवू नका, आणि नेटवरचे दुसऱ्या कोणाचे ब्लाउज तर अजिबात नको, कारण टेलर दुसऱ्याची शिलाई शंभर हातांवरून ओळखतो.

तिच्या ताईनं आधी आमच्याकडूनच एक ब्लाउज शिवून घेतला होता. तिनं तो लाकडी हँगरवर अडकवला, सकाळी खिडकीपाशी बाजूनं उजेड येईल असा टांगला, मागं साधी भिंत, फ्लॅश बंद. दोनच फोटो. एक पूर्ण पाठीचा, दुसरा एकदम जवळून पाइपिंगच्या वळणाचा, जिथं गळा गोल फिरतो आणि पाइपिंगला एकसुद्धा चुणी नाही. तो दुसरा फोटो बघून बाबांनी मशीन थांबवलं. आपण जिथं जीव ओततो तीच जागा या पोरीला दिसली, असं ते म्हणाले.

मोबाईलचा मूळ फोटो जड असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून परत सेव्ह केला की हलका होतो, तोच मेलमध्ये मजकुराच्या खाली टाका. पीडीएफ, झिप, ड्राइव्हची लिंक असलं काही नको, अनोळखी माणसाची फाइल आम्ही उघडत नाही आणि उघडूही नये.

## ६. वेळ आणि पैसे आधी कागदावर मांडा

मेलमध्ये आकडा लिहायचा की नाही यावर पोरं अडतात. लिहा. आकडा नसला की ऐकणाऱ्याला वाटतं नंतर मोठा सांगतील.

आधी वेळ मांडा. आठवड्यातून दोन फेऱ्या, फेरीला एक तास. फोटो निवडून पोस्ट करायला आठवड्याचे दीड तास. रोजचं स्टेटसचं चित्र आणि कमेंटची उत्तरं मिळून दहा-पंधरा मिनिटं. झाले आठवड्याचे पाच तास, महिन्याचे वीसेक. त्यावर तिनं महिन्याला १,५०० रुपये धरले.

आता हाच आकडा दुकानदाराच्या बाजूनं बघा. आमच्याकडं अस्तराच्या साध्या ब्लाउजची शिलाई ३५० रुपये आहे, तर तुम्ही म्हणाल १,५०० म्हणजे चार-साडेचार ब्लाउज, त्यात काय. पण ३५० मधून कारागिराचे पैसे जातात, अस्तर, हूक, दोरा, लाइट, भाडं जातं, आणि हातात शंभराच्या आसपास उरतात. म्हणजे १,५०० रुपये हे आईच्या हिशोबात पंधरा ब्लाउज आहेत. हे डोक्यात ठेवून आकडा काढा. पाच-सहा हजारांचं "पॅकेज" लिहिणाऱ्या पोरांना आपण पन्नास-साठ ब्लाउजचे पैसे मागतोय हे माहीतच नसतं.

फुकटही नको. कायमचं फुकट म्हटलं की माणूस विचार करतो याला आतून काय पाहिजे असेल. पहिले १५ दिवस बघा, मग पैसे, एवढं पुरेसं.

आणि परीक्षा. आपल्या भागातल्या कॉलेजांच्या हिवाळी सेमिस्टरची परीक्षा बहुतेक वेळा दिवाळीच्या आगंमागं येते, म्हणजे दुकानाला तुमची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच. हे लपवू नका, मेलमध्येच लिहा आणि त्या दिवसांत काय चालू राहील तेही लिहा.

## ७. आता मेल लिहा

आधी चुकलेला मेल बघा, असे मला बरेच येतात: "रिस्पेक्टेड सर/मॅडम, वी आर पॅशनेट डिजिटल मार्केटर्स, आजच्या डिजिटल युगात प्रत्येक व्यवसायाला ऑनलाइन असणं काळाची गरज आहे, आम्ही तुमच्या बिझनेसचा रीच दहा पट वाढवू, खालील तीन पॅकेजमधून निवडा." यात दुकानाचं नाव काढून हार्डवेअरचं दुकान टाका, एक शब्द बदलावा लागत नाही. आणि दहा पटीचं वचन कोणालाच पाळता येत नाही, कारण कोणाला काय दिसणार ते इन्स्टाग्राम ठरवतं.

आता तिचा मेल, नावं आणि नंबर काढून जसाच्या तसा.

विषय: ब्लाउज झाला का विचारणाऱ्या फोनबद्दल

> नमस्कार काकू,
>
> मी (नाव), (कॉलेज) मध्ये बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या मंगळवारी मी हिरव्या साडीचा ब्लाउज टाकायला आले होते, बिल नंबर (अमुक).
>
> मी बाकावर बसले होते तेवढ्यात तुम्हाला तीन फोन आले. तिन्ही ब्लाउज झाला का विचारणारे. दर वेळी तुम्हाला कात्री खाली ठेवावी लागली.
>
> मला असं सुचलं की तयार झालेल्या बिलांचे नंबर रोज संध्याकाळी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकता येतील. फक्त नंबर, कोणाचं नाव नाही. तुम्ही मला नंबर पाठवायचे, मी लगेच चित्र करून परत पाठवीन, ते स्टेटसला टाकायचं. इन्स्टाग्रामला मी टाकीन.
>
> त्यासोबत आठवड्यातून दोनदा दुकानात येऊन तयार ब्लाउजचे फोटो काढीन. फोटो हँगरवरचेच, कोणाचा चेहरा येणार नाही, आणि तुम्ही बघितल्याशिवाय टाकणार नाही. तुम्ही शिवलेल्या माझ्या ताईच्या ब्लाउजचे दोन फोटो खाली दिलेत.
>
> पहिले १५ दिवस पैसे नकोत. पटलं तर पुढं महिन्याला १,५०० रुपये. दिवाळीच्या सुमारास माझी परीक्षा असते, तेव्हाच्या पोस्ट आधीच करून ठेवीन, नंबरांचं चित्र मात्र रोज देईन.
>
> शुक्रवारी दुपारी तीनला मी ब्लाउज घ्यायला येणार आहे, तेव्हा पाच मिनिटं बोलू का? नको असेल तर तसं सांगितलं तरी चालेल.
>
> (नाव, मोबाईल नंबर)

यात काय कुठं बसलंय ते बघा. विषयाच्या ओळीत ना "प्रपोजल" आहे ना "कोलॅबरेशन", दुकानातलंच वाक्य आहे, आणि पहिलाच शब्द ब्लाउज आहे, कारण मोबाईलवर विषयाची ओळ पुढं कापली जाते म्हणून कामाचा शब्द आधी यायला पाहिजे. दुसऱ्याच वाक्यात बिल नंबर आहे. तो ऐकल्याबरोबर आईनं वही उघडली आणि "हां, ती हिरव्या साडीवाली" म्हणाली, म्हणजे अनोळखी मेल तिथंच ओळखीचा झाला. चेहरा येणार नाही हे वाक्य आईनं मला दोनदा वाचायला लावलं, लेडीज टेलरची सगळ्यात मोठी भीती तीच असते की गिऱ्हाईकाचा फोटो कुठंतरी फिरेल आणि तिचा नवरा नाहीतर सासू दुकानात येऊन उभी राहील.

आणि शेवटी तिनं जे मागितलं ते किती छोटं आहे बघा. पाच मिनिटं, दिवस आणि वेळ तिनंच ठरवलेली, आणि ती येणारच होती. "तुमचा अमूल्य वेळ द्यावा ही विनंती" याला उत्तर द्यायला विचार करावा लागतो, "शुक्रवारी येते" याला फक्त "ये" म्हणायचं असतं.

संबोधन जसं दुकानात वापराल तसं. समोरासमोर काका म्हणाला असाल तर मेलमध्येही काका, बुटीकवाली ताई असेल तर ताई, कटिंग करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत असतील तर मास्तर. समोर काकू आणि मेलमध्ये "आदरणीय महोदया" असं केलं की ऐकताना विचित्र वाटतं.

✔ तपासा: मेल घरात कोणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा, आईला दाखवलात तर उत्तम. ती जिथं "म्हणजे काय?" विचारेल तो शब्द काढा. एन्गेजमेंट, रीच, कंटेंट कॅलेंडर, ब्रँडिंग हे सगळे तिथंच अडकतील.

## ८. पाठवायच्या आधीच्या बारीक गोष्टी

मेल आयडी तुमच्या नावाचा असू द्या, शाळेत असताना बनवलेला "कूल" आणि "किंग" वाला नको. दुकानाचं नाव मेलमध्ये येत असेल तर बोर्डावर जसं लिहिलंय तसंच लिहा. एकाच वेळी दहा दुकानांना एकच मेल पाठवू नका, नव्या आयडीवरून तसं केलं की मेल स्पॅममध्ये जायची शक्यता वाढते, आणि गावातले टेलर एकमेकांना ओळखतात, दोरा-अस्तर एकाच होलसेलवाल्याकडून घेतात, तिथं बोलणं होतं. आमच्याकडं एकदा असा मेल आला होता की त्यात शेजारच्या दुकानाचंच नाव राहिलं होतं.

वार बघून पाठवा. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यावरची गिऱ्हाइकं येतात, तो दिवस सोडा. रात्री आठच्या सुमारास आलेला मेल दुकान बंद करता करता बघितला जातो. तेव्हा क्लास असेल तर जीमेलमध्ये `Schedule send` वापरा. पाठवल्यावर पाच मिनिटांनी इनबॉक्स परत बघा, `Address not found` असं काही आलं असेल तर आयडी चुकलाय, बिलावरचा परत वाचा. छापील बिलावर इंग्रजी एल आणि आकडा एक सारखेच दिसतात, बहुतेक घोळ तिथंच होतो.

## ९. उत्तर नाही आलं तर

आमच्यासारख्या दुकानातून मेलला उत्तर येईलच असं धरू नका, आम्हाला टाइप करायची सवय नाही. मीसुद्धा त्या पोरीला उत्तर लिहिलं नाही, आईनं बिलावरचा नंबर बघून सरळ फोन लावला. म्हणून मेलमध्ये जो दिवस लिहिलाय त्या दिवशी त्या वेळेला जा, उत्तर आलेलं असो वा नसो. दुपारी दोन ते चारमध्ये दुकान शांत असतं. जाऊन एवढंच म्हणा, "काकू, मी मेल केला होता, फोनबद्दल, बघितला का?" नसेल बघितला तर तिथंच मोबाईलवर उघडून दोन फोटो दाखवा.

मेलमध्ये दिवस लिहायचं राहिलं असेल तर चार-पाच दिवस थांबून एकदा फोन करा किंवा जाऊन या. एकदाच. "जस्ट फॉलोइंग अप" म्हणून तीन-तीन मेल टाकले की चांगला वाटलेला पहिला मेलही मनातून उतरतो.

"बघू, दिवाळीनंतर" असं उत्तर आलं तर ते नाहीच असेल असं नाही, टेलरच्या तोंडी ते बहुतेक वेळा खरंच असतं. तारीख लिहून ठेवा आणि तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात एक चक्कर मारा.

## १०. "हो" म्हणाल्यावर पहिल्या दिवशी

पासवर्ड मागू नका. त्यांनी आपणहून दिला तरी घेऊ नका, उद्या काही बिघडलं की पहिला संशय तुमच्यावर येतो. गुगलवर दुकानाची वेळ बदलायची तर मालकाच्या फोनमधून दुकानाच्या प्रोफाइलमध्ये `People and access` मध्ये जाऊन तुम्हाला मॅनेजर म्हणून जोडता येतं, मालक मालकच राहतो आणि वाटेल तेव्हा तुम्हाला काढू शकतो. फेसबुक पेजलाही पासवर्ड न देता असाच प्रवेश देता येतो. इन्स्टाग्रामचं लॉगिन दुकानातल्याच माणसानं तुमच्यासमोर तुमच्या फोनवर टाकावं, आणि पासवर्ड त्यांच्याकडं कागदावर लिहिलेला राहावा. व्हॉट्सअ‍ॅप मात्र स्वतःच्या फोनला जोडूच नका, त्यात बायकांचे नंबर, मापं आणि उधारी सगळं असतं.

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची लिंक टाकताना नंबरच्या आधी 91 पाहिजे, अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

टाकल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून दाबून बघा, दुकानाचाच चॅट उघडतोय का. आमच्याकडं पहिल्या दिवशी एक आकडा चुकला होता आणि दोन बायकांनी भलत्याच माणसाला शिलाईचा भाव विचारला, त्या पोरीनं संध्याकाळी येऊन तो आईच्या समोर बसून दुरुस्त केला, आणि मग पहिल्या स्टेटससाठी रॅकवरच्या पिशव्यांचे बिल नंबर एकेक करून वाचून घेतले.